युनिव्हर्सल रिमोटचा एकही कोड लागत नाही (३२ इंची लोकल एलईडी टीव्ही)

कपाशीवाला (आर्वी, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. टीव्ही ३२ इंची साधा एलईडी आहे, स्मार्ट नाही. नागपुरात जोडून विकतात त्यातला. समोर जे नाव छापलंय ते नेटवर कुठेच सापडत नाही. मूळ रिमोट पाण्याच्या बादलीत पडला आणि गेला. आठवडी बाजारातून युनिव्हर्सल रिमोट आणला, सोबत बारीक अक्षरांचा कोडचा कागद आहे. त्यातले सॅमसंग, एलजी, ओनिडा, व्हिडिओकॉन, फिलिप्स असे सगळे कोड टाकून झाले.

सेट बटण दाबून धरलं की लाल लाइट लागते, तीन आकडे टाकले की विझते. टीव्हीवर मात्र काहीच हालचाल नाही. नेटवर एक चार आकडी यादी मिळाली, ती टाकून पाहिली तर हा रिमोट चौथा आकडा घेतच नाही. टीव्हीच्या मागची बटणं बरोबर चालतात. आता रिमोट खराब समजू की टीव्ही?

दिग्रसकर

भाऊ, आधी डिशचा रिमोट सेटटॉप बॉक्सशी जोडलेला आहे का पाहा. बॉक्स बंद करून चालू करा, रिमोटचे सेल काढून पाच मिनिटांनी टाका. आमच्याकडे चॅनल बदलत नव्हते, तेव्हा एवढ्यानेच काम झालं.

कपाशीवाला

दादा, बॉक्सचा रिमोट ठीक चालतो, चॅनल बदलतात. अडचण टीव्हीची आहे. आवाज, चालू-बंद आणि सोर्स बदलणं यासाठी रोज मागे हात घालावा लागतो.

वऱ्हाडी_गडी (मेहकर)

कायले एवढा ताप करून घेता राजेहो. हे समदे टीव्ही चायनाचेच हायत. सॅमसंगचे जेवढे कोड हायत तेवढे एकामागून एक टाका, एखादा लागतेच. आमच्या गावात दोन-तीन लोकल टीव्हीले असाच लागला.

राळ_शिसं (यवतमाळ)

कपाशीवाले भाऊ, लाइट विझली याचा अर्थ एवढाच की रिमोटने तो आकडा स्वीकारला. टीव्हीशी जुळला की नाही हे रिमोटला कळायला मार्गच नाही. तो प्रकाश फेकतो, टीव्हीकडून त्याला उलट काहीच येत नाही. आपण 'जोडला' म्हणतो तेव्हा टीव्ही काहीही शिकलेला नसतो. फक्त रिमोटने आपल्या पोटातल्या यादीतलं एक पान उघडून ठेवलेलं असतं.

चार आकडी यादी का चालली नाही तेही यातच आलं. कोड हा टीव्हीचा नंबर नाही, तो रिमोटच्या आतल्या यादीचा पान नंबर आहे. एका कंपनीच्या रिमोटमध्ये ओनिडा ज्या पानावर आहे, दुसऱ्या कंपनीच्या रिमोटमध्ये त्याच पानावर भलताच टीव्ही असतो. म्हणून नेटवरची यादी तुमच्याच रिमोटच्या मॉडेलची नसेल तर ती टाकण्यात वेळ घालवू नका. सोबत आलेला कागद जपून ठेवा. तो हरवला तर मग शोध पद्धत हाच उपाय उरतो.

वऱ्हाडी भाऊंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आतला बोर्ड चिनी असतो हे खरं. पण सॅमसंगची भाषा वेगळी आणि या बोर्डांची वेगळी. लोकल टीव्हीत बहुतेक व्ही ५६, व्ही ५९ असे तयार बोर्ड बसवतात आणि पॅनलप्रमाणे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हने भरतात. कोणत्या रिमोटचं ऐकायचं हे त्या सॉफ्टवेअरमध्ये ठरलेलं असतं. त्यामुळे बोर्ड सारखा असूनही दोन टीव्हींचे रिमोट वेगळे निघू शकतात, आणि समोर छापलेल्या नावाचा तर याच्याशी काहीच संबंध नाही. ते नाव कागदावर नसणारच.

आता तपासायला सुरुवात इथून करा. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा सेल्फी कॅमेरा उघडा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे करा आणि आवाजाचं बटण दाबून धरा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला पाहिजे. मागचा मोठा कॅमेरा वापरू नका, बऱ्याच फोनमध्ये त्यावर हा प्रकाश अडवणारी काच असते, मग चांगला रिमोटही मेलेला वाटतो. घरात दुसरा चालू रिमोट असेल तर आधी त्याच्यावर कॅमेरा पारखून घ्या.

कपाशीवाला

पाहिलं. ठिपका दिसतो, पण डिशच्या रिमोटपेक्षा बराच फिका आहे. सेल रिमोटसोबत फुकट आले होते तेच आहेत.

राळ_शिसं

ते सेल आधी काढा. दोन सेल मिळून ३ व्होल्ट लागतात. सोबत येणारे सेल अनेकदा दुकानात पडून उतरलेले असतात. लाइट लावण्यापुरता दम त्यांच्यात असतो, पण प्रकाश फेकताना झटक्यात जास्त करंट लागतो तेव्हा व्होल्टेज खाली बसतं. कधी कधी त्याच झटक्यात रिमोट कोडही विसरतो. नवे सेल घाला, स्प्रिंगची टोकं कोरड्या कापडाने पुसा आणि मग शोध लावा.

शोध लावायची पद्धत बहुतेकांची चुकते म्हणून सविस्तर लिहितो. टीव्ही मागच्या बटणाने चालू करा, चित्र येऊ द्या. सेट दाबून धरा, लाल लाइट स्थिर झाली की सोडा. आता पॉवरऐवजी आवाज वाढवायचं बटण एकेकदा दाबा, दोन दाबांमध्ये सेकंद-दीड सेकंद थांबा आणि डोळे स्क्रीनवर ठेवा. आवाजाची पट्टी दिसली की हात थांबवा आणि लगेच सेट दाबून कोड पक्का करा. काही रिमोट फक्त पॉवर बटणानेच शोधतात, ते कागदावर लिहिलेलं असतं. तिथे नाइलाज आहे. पण आवाजाने शोधता येत असेल तर तेच करा. पॉवरने टीव्ही बंद झाला की तो पुन्हा चालू होऊन चित्र यायला वेळ लागतो, आणि आपण घाईत पुढचे दोन-तीन कोड ओलांडून गेलेलो असतो.

बटण दाबून धरल्यावर काही रिमोट आपोआप पुढे पुढे जातात. ते सोपं वाटतं, पण टीव्हीने उत्तर दिलं आणि तुमचं बोट उचललं गेलं यात एखादं पान निसटतंच. पूर्ण यादी संपायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढी द्या. यादी संपली की लाइट आपोआप विझते किंवा भराभर लुकलुकते.

जुना_पिक्चरट्यूब (अचलपूर)

यात भर घालतो. वन फॉर ऑल सारख्या परदेशी रिमोटची रीत निराळी आहे. तिथे टीव्हीचं बटण दाबून मग सेटअप दोनदा लुकलुकेपर्यंत धरायचं, ९-९-१ टाकायचं आणि पॉवर दाबत जायचं. टीव्ही बंद झाला की सेटअप दाबून पक्कं करायचं. बाजारातल्या साध्या रिमोटवर ९-९-१ टाकलं तर तो त्याला नुसता कोड समजतो. दोन्ही रीती एकमेकींत मिसळू नका.

कपाशीवाला

नवे सेल टाकले. आवाजाच्या बटणाने शोध होत नाही, कागदावर पॉवरच लिहिलंय. सावकाश दाबत गेलो. बऱ्याच वेळाने टीव्ही बंद झाला! सेट दाबून पक्कं केलं. आता पॉवर चालते, पण आवाज वाढवला की सोर्सची यादी उघडते आणि म्यूट दाबलं की काहीच होत नाही. हा कोड बरोबर की चूक?

वऱ्हाडी_गडी

लागला ना भाऊ! आता तेवढ्यावरच चालवा.

राळ_शिसं

चूक कोड, पण बातमी फार चांगली. यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. तुमच्या टीव्हीचा सेन्सर जिवंत आहे आणि रिमोटचा प्रकाश तिथपर्यंत पोचतो. सेन्सर मेला असता तर जगातला कुठलाही कोड लागला नसता आणि मेकॅनिककडेच जावं लागलं असतं.

चुकीचा तरी अर्धवट का लागला ते सांगतो. रिमोट दर दाबाला दोन गोष्टी पाठवतो, एक टीव्हीचा पत्ता आणि दुसरी आज्ञेचा आकडा. चिनी बोर्डांत बहुतेक जी पद्धत वापरतात तिच्यात पत्ता, पत्त्याचं उलट रूप, आज्ञा, आज्ञेचं उलट रूप असे मिळून ३२ ठोके जातात, ३८ किलोहर्ट्झवर. दोन निराळ्या रिमोटांचा पत्ता एकच असू शकतो, पण कोणत्या बटणाला कोणता आकडा हे प्रत्येकाने आपल्या सोयीने ठरवलेलं असतं. तुमच्या बाबतीत पत्ता जुळला, पॉवरचा आकडाही योगायोगाने जुळला, पण त्या पानावरचा आवाजाचा आकडा तुमच्या टीव्हीला सोर्स वाटतो.

म्हणून शोध तिथून पुढे चालू ठेवा. त्याच पत्त्याची आणखी पानं असण्याची शक्यता आहे. टीव्ही दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बंद होईल, प्रत्येक वेळी आवाज आणि म्यूट तपासा.

अंजनगावची_लेक

माझाही प्रश्न यातच विचारते. आमचा ४३ इंची स्मार्ट टीव्ही आहे, बोलून चॅनल लावायचा रिमोट होता, तो हरवला. युनिव्हर्सल रिमोटवर ब्रँडचा कोड टाकल्यावर टीव्ही चालू-बंद होतो, आवाजही होतो, पण माइकचं बटण आणि मधले काही ॲपचे शॉर्टकट अजिबात चालत नाहीत. कोड बदलून होईल का?

राळ_शिसं

नाही ताई, कोड बदलून होणार नाही. बोलण्याचं काम ब्लूटूथवर चालतं, आणि तुमचा युनिव्हर्सल रिमोट फक्त प्रकाश फेकतो. आवाज आणि पॉवर लागले म्हणजे कोड बरोबरच आहे. माइक हवा असेल तर ब्लूटूथचा, त्याच मॉडेलचा रिमोट घ्यावा लागेल आणि तो टीव्हीच्या सेटिंगमधून खरोखर जोडावा लागेल. तोवर, टीव्ही अँड्रॉइडचा असेल आणि टीव्ही व मोबाइल एकाच वायफायवर असतील तर गुगल टीव्हीचं ॲप रिमोटसारखं वापरता येतं, त्यात माइकही आहे. अशा टीव्हीला यूएसबीचा साधा माउस लावला तरी मेनू चालतो.

अंजनगावची_लेक

माउसने सेटिंग उघडलं, धन्यवाद. पण टीव्ही हॉटस्पॉटवर चालतो आणि हॉटस्पॉट माझ्याच फोनचा आहे. मग ॲप त्याच फोनवर चालेल का?

जुना_पिक्चरट्यूब

काही फोनवर चालतं, काहींवर ॲपला टीव्ही दिसतच नाही. घरातला दुसरा फोन त्याच हॉटस्पॉटला जोडून त्यावर ॲप टाकून पाहा.

कपाशीवाला

यादी संपेपर्यंत गेलो. पॉवर आणखी एकदा लागली, पण आवाज तिथेही नाही. म्हणजे या रिमोटमध्ये माझा टीव्ही नाहीच असं समजायचं का? दीडशे रुपये गेले?

राळ_शिसं

या रिमोटच्या यादीत तो नाही, हे आता खात्रीने म्हणता येतं. दुसरा तसलाच रिमोट घेऊ नका, बाजारात वेगवेगळ्या खोक्यांत आतली चिप तीच असते. आता कोडचा नाद सोडून शिकवण्याकडे वळा, म्हणजे दुसऱ्याने फेकलेली आज्ञा रिमोटला साठवायला लावा.

तीन प्रश्न आहेत. तुमच्या रिमोटच्या खोक्यावर किंवा कागदावर 'लर्निंग' लिहिलंय का? तुमच्या डिशच्या रिमोटवर एका कोपऱ्यात टीव्ही लिहिलेली चार-पाच बटणं वेगळ्या चौकटीत आहेत का? आणि गावात कुणाकडे असा फोन आहे का ज्याच्या वरच्या कडेला बारीक काळा ठिपका असतो आणि ज्यात रिमोटचं ॲप येतं? रेडमीच्या बऱ्याच फोनांत तो असतो.

कपाशीवाला

लर्निंग लिहिलेलं नाही. डिशच्या रिमोटवर चौकट आहे: टीव्ही पॉवर, सोर्स, आवाज कमी, आवाज जास्त आणि सेट. पुतण्याकडे रेडमी आहे, त्यात मी रिमोट नावाचं ॲप आहे.

राळ_शिसं

मग दिग्रसकर भाऊंनी डिशच्या रिमोटचा विषय काढला तो कामी येणार. ती चौकट शिकाऊ बटणांची आहे.

आधी फोन. ॲपमध्ये टीव्ही निवडा. तुमचं नाव यादीत नसेल, म्हणून टीसीएल, स्कायवर्थ, कोंका, चँगहोंग, हायर अशी चिनी नावं एकेक घ्या. ॲप एक बटण पाठवून विचारतं की टीव्हीने उत्तर दिलं का. फक्त पॉवरवर 'हो' म्हणू नका, तुम्ही आत्ताच त्या फसगतीतून गेला आहात. आवाज, म्यूट आणि सोर्स तिन्ही चालले तरच तो संच ठेवा. फोन टीव्हीसमोर मीटर-दीड मीटरवर धरा, फोनचा प्रकाश रिमोटइतका लांब जात नाही. दारातून ऊन थेट टीव्हीच्या तोंडावर येत असेल तर दार लोटून घ्या. सेन्सरला तेवढ्या उजेडात बारीक ठोके ओळखता येत नाहीत, आणि आपण चांगल्या कोडला चुकीचा म्हणून पुढे जातो.

कपाशीवाला

संध्याकाळी बसलो. टीसीएलमध्ये काही नाही. स्कायवर्थमध्ये तिसऱ्या पर्यायाला आवाजाची पट्टी आली! सोर्सही उघडतो, म्यूटही होतं. मेनू मात्र उघडत नाही. आता हे डिशच्या रिमोटमध्ये कसं न्यायचं?

राळ_शिसं

फोन आता तुमचा मूळ रिमोट झाला, त्याच्याकडून शिकवा. डिशच्या रिमोटच्या चौकटीतला सेट चार-पाच सेकंद दाबून धरा, लाइट स्थिर झाली की सोडा. मग ज्या बटणाला शिकवायचं ते, म्हणजे टीव्ही पॉवर, एकदा दाबा. लाइट लुकलुकायला लागेल, म्हणजे ते वाट पाहतंय. रिमोटचं तोंड आणि फोनची वरची कड समोरासमोर धरा, मधे दोन-तीन सेंटीमीटर, दोन्ही एका पातळीत टेबलावर टेकवून. फोनवर पॉवर एकदा हलकेच दाबा. लाइट दोन-तीनदा लुकलुकून पुन्हा स्थिर झाली की शिकलं. पुढचं बटण घ्या. सगळं झाल्यावर सेट पुन्हा दाबून बाहेर या. कंपनीप्रमाणे सेकंद आणि लुकलुक थोडी वेगळी असते, पण क्रम हाच.

दोन चुका टाळा. ट्यूबलाइट किंवा सीएफएलच्या खाली हे करू नका, त्यांच्या उजेडातला लुकलुकाट रिमोट शिकून बसतो. आणि फोनवर बटण दाबून धरू नका, एकच टिचकी मारा.

कपाशीवाला

पॉवर आणि सोर्स पहिल्या झटक्यात शिकले. आवाज वाढवायचं बटण शिकलं, पण एकदा दाबलं की आवाज पाच-सहाने उडी मारतो.

राळ_शिसं

फोनवर बोट जरा जास्त टेकलं असणार. मग पहिल्या आज्ञेमागे 'अजून चालू आहे' असे ठोकेही जातात आणि रिमोट ते सगळं एकत्र साठवतो. तेच एक बटण पुन्हा शिकवा, नवं शिकवलं की जुनं पुसलं जातं.

जुना_पिक्चरट्यूब

शिकवलेल्या बटणांची आणखी एक खोड लिहून ठेवतो, पुढे कुणाला फिलिप्सच्या जुन्या डब्ब्या टीव्हीसाठी लागेल. त्यांची पद्धत ३६ किलोहर्ट्झवर चालते आणि दर नव्या दाबाला त्यातला एक ठोका उलटतो. टीव्ही त्यावरून ओळखतो की बटण पुन्हा दाबलं की नुसतं धरून ठेवलं. स्वस्त शिकाऊ रिमोट मात्र एकच नमुना साठवतो आणि दर वेळी तोच फेकतो. मग ११ नंबरचा चॅनल लावायला गेलात तर टीव्हीला एकच १ कळतो. १२ बरोबर लागतो, ११ आणि २२ लागत नाहीत. असं दिसलं तर शिकवण्यात चूक काढत बसू नका, ती त्या रिमोटची मर्यादा आहे. अशा टीव्हीला यादीतला फिलिप्सचा कोडच वापरावा, त्यात हा ठोका बरोबर उलटतो.

वऱ्हाडी_गडी

अस्सं हाय का! आमच्या काकाच्या टीव्हीले ११ लागतच नव्हता, आमी बटनच घासून घासून साफ करत बसलो होतो. पन मले सांगा, सॅमसंगचा कोड गावात दोन टीव्हीले लागला तो कसा मग?

राळ_शिसं

त्या टीव्हींच्या सॉफ्टवेअरमध्ये तसा रिमोट निवडलेला असू शकतो, किंवा त्या कोडवर नुसती पॉवर चालत असेल. आवाज, सोर्स, मेनू तिन्ही चालतात का ते पाहून सांगा, मग बोलता येईल.

कपाशीवाला

आवाज नीट झाला, एकेकाने वाढतो. आता पॉवर, आवाज, सोर्स सगळं डिशच्या रिमोटवर आलं. मेनू राहिला. चित्राचा रंग फार भडक आहे, तो मेनूतूनच कमी होईल ना?

राळ_शिसं

मागच्या बटणांत मेनू असेल. तो दाबल्यावर आवाजाच्या बटणांनी आत-बाहेर आणि चॅनलच्या बटणांनी वर-खाली जाता येतं. रंग एकदा लावला की रोज लागत नाही.

पूर्ण रिमोटच हवा असेल तर जुना खराब झालेला फेकू नका. तो किंवा त्याचा समोरून काढलेला फोटो घेऊन वर्ध्याला किंवा नागपूरला सुट्या भागांच्या दुकानात जा. ते लोक बटणांची मांडणी पाहून जुळणारा रिमोट काढून देतात, कारण एका साच्याचा रिमोट बहुधा एकाच पत्त्याचा असतो. दुकानातच पारखता येत नाही, म्हणून बदलून देण्याचं आधी बोलून घ्या. बोर्डाचा नंबर पाहायला मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही वेळ तीनशे व्होल्टच्या आसपास राहू शकतात.

आणि पाण्यात पडलेला तो रिमोट उघडून पाहिला का? पाण्याने चिप क्वचितच मरते. सेल आत राहिले तर स्प्रिंग आणि पट्ट्या हिरव्या पडतात. सेल काढा, खाचेत पातळ चाकू घालून उघडा, पट्टी आणि रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दिवसभर सावलीत वाळवा. मग सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा.

कपाशीवाला

उघडला. एका सेलची स्प्रिंग पूर्ण हिरवी होऊन तुटली आहे, बाकी पट्टी स्वच्छ दिसते.

राळ_शिसं

त्या बाजारातल्या दीडशेच्या रिमोटची स्प्रिंग काढून इथे डाग द्या. तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी पट्टीवरचा जुना हिरवा थर खरवडून मग शिसं लावा, नाहीतर डाग धरणार नाही. फार वेळ तापवू नका, दोन-तीन सेकंदांत डाग बसला पाहिजे, जास्त तापला तर तांब्याची पट्टी उचलते.

कपाशीवाला

इथे डाग देणारा रविवारी बाजारात बसतो. करून घेतो आणि मेनू उघडला की नाही ते इथेच लिहितो.